ॲडमिनपद सोपवताना



कार्तिकी पौर्णिमेनंतर आम्ही दोघं मुलाकडे बंगळूरुला राहायला जातोय, हे टेंभी नाक्यावरच्या बहुतेकींना आता कळलंय. घर आवरण्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. आज लिहायचंय ते आपल्या महिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. त्याची ॲडमिन मी नऊ वर्षं आहे. सव्वाआठशे बायकांचा हा ग्रुप दुसरीच्या हाती कसा द्यायचा, याचा दोन महिने विचार केला आणि मग एक नोंद लिहून काढली. तुमच्यापैकी कितीतरी जणी आपापल्या इमारतीच्या, पाठशाळेच्या किंवा मंडळाच्या ग्रुपच्या ॲडमिन आहात. एक ना एक दिवस तुम्हालाही तो सोपवायचा आहे, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

फोनमधलं काम म्हणाल तर दोन मिनिटांचं आहे. ग्रुपच्या माहितीत जायचं, यादीत तिचं नाव शोधून त्यावर दाबायचं आणि `Make group admin` निवडायचं. पण यात दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. एकटीच ॲडमिन असलेली बाई कोणाला ॲडमिन न करता ग्रुपमधून निघून गेली, तर व्हॉट्सॲप सभासदांपैकी कोणालाही आपोआप ॲडमिन करून टाकतं. सव्वाआठशेंत ती कोण निघेल ते सांगता येत नाही. एखादी महिनोन्‌महिने ग्रुप न उघडणारीही असू शकते. दुसरी गोष्ट, जिने ग्रुप सुरू केला तिचं ॲडमिनपद दुसरी ॲडमिन काढू शकत नाही. ती ग्रुपमध्ये आहे तोवर ॲडमिनच राहते. ग्रुप मीच सुरू केला होता. म्हणजे मला साधी सभासद होऊन राहायचं असेल, तर आधी `Exit group` करून बाहेर पडायचं आणि मग नव्या ॲडमिनने मला परत आत घ्यायचं, हाच मार्ग आहे. बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनना दिसते, त्यामुळे ग्रुपमध्ये "काकू का गेल्या?" अशी चर्चा होत नाही.

इतकं करून ग्रुप दिला जातो, काम मात्र दिलं जात नाही, हे मला यादी करायला बसल्यावर दिसलं. आपल्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनच लिहू शकते. तसं नसतं तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आयंबिलची सूचना केव्हाच दडून गेली असती. पण त्याचा परिणाम असा, की ग्रुपवर मी लिहिते आणि उत्तरं माझ्या खाजगी चॅटवर येतात. "उद्या माझं आयंबिल लिहा", "सासूबाईंच्या तिथीचे पैसे पाठवलेत", "साध्वीजींना औषध हवंय, कोणाला सांगू?" हे सगळं माझ्या फोनमध्ये, माझ्या नावावर साठलंय. `Make group admin` दाबल्याने त्यातलं एक अक्षरही नव्या ॲडमिनकडे जात नाही. म्हणून ग्रुपमध्ये काय आहे यापेक्षा ग्रुपबाहेर काय आहे, तेच सोपवायच्या नोंदीत असायला हवं.

सगळ्यात आधी पैशांकडे वळले. आयंबिलची तिथी, ज्ञानखातं, साधर्मिक भक्ती अशा कामांसाठी माझा यूपीआय नंबर ग्रुपवर दिलेला होता. मी तिथेच राहत होते, आठवड्याला पेढीवर पैसे भरून पावती आणत होते, तोवर ते चाललं. गाव सोडताना ते चालत नाही. मी बी.कॉम. केलं तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की चार्ज देताना आधी खातं बंद करायचं आणि शिल्लक हातात देऊन सही घ्यायची. आपल्याकडे तर शिल्लक रकमेबरोबर तिचं खातंही द्यावं लागतं. ज्ञानखात्याचे पैसे आयंबिलात जात नाहीत, आणि देवद्रव्य तर देवाच्या कामाशिवाय कुठेच वापरता येत नाही. रुपये सगळे सारखे दिसतात, पण देणारीने ज्या खात्यासाठी दिले त्या खात्यातच ते गेले पाहिजेत. धर्मद्रव्य आपल्या घरात अडकून राहू नये, ही आपल्या सगळ्यांचीच काळजी असते.

आश्विन शुद्ध पौर्णिमेला ओळी संपली, त्या रात्री मी हिशोब केला. त्या महिन्यात माझ्या नंबरवर 18,600 रुपये आले होते. त्यातले 15,100 पेढीवर भरून पावत्या घेतल्या होत्या. उरले 3,500. त्यातले 2,100 आयंबिलचे आणि 1,000 ज्ञानखात्याचे होते, तसं पाठवणाऱ्यांनी लिहिलं होतं. राहिले 400. ते दोघींनी दोनदोनशे करून पाठवले होते आणि कशासाठी ते लिहिलंच नव्हतं. मी दोघींना फोन केला. एक म्हणाली आयंबिलसाठी. दुसरी म्हणाली, "काकू, ते पाठशाळेच्या पुस्तकांचे." म्हणजे आयंबिल 2,300 आणि ज्ञानखातं 1,200 झालं. अंदाजाने चारशेही आयंबिलात टाकले असते तर बेरीज बरोबर आली असती, पण एकीचा भाव चुकीच्या खात्यात गेला असता. दुसऱ्या दिवशी सगळे भरले, पावत्या दोघींना पाठवल्या आणि वहीत शून्य शिल्लक लिहून खाली नव्या ॲडमिनची सही घेतली.

नव्या ॲडमिनने आपला यूपीआय नंबर द्यायचा नाही, असंही तेव्हाच ठरवलं. आता ग्रुपवर पेढीच्या खात्याचा क्यूआर आहे आणि पैसे थेट तिथे जातात. ॲडमिनने फक्त खात्याचं नाव लिहायची आठवण करायची. माझ्या नंबरचा पिन केलेला मेसेज काढला, तरी जुने मेसेज कितीतरी फोनमध्ये राहिलेच आहेत. पुढचे काही महिने चुकून माझ्याकडे पैसे येणार. असे पैसे आले तर त्याच दिवशी पेढीच्या खात्यात भरायचे, पावती नव्या ॲडमिनला पाठवायची आणि पाठवणारीला नवा क्यूआर द्यायचा, असं मी लिहून दिलंय.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे, आणि तो माझ्या डोक्यात आपणहून आला नसता. रोज संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीची आणि चोविहाराची वेळ टाकते. ती मी फोनमधल्या पंचांगावरून घेते. पाठशाळेतली एक मुलगी म्हणाली, "आजी, ते ॲप तुमचा फोन जिथे असेल तिथला सूर्योदय दाखवतं. बंगळूरुहून टाकलात तर आमचं पच्चक्खाण मोडेल." मी जाताना एकीला सांगून ठेवलं होतं की सुरुवातीला महिनाभर वेळा मीच टाकत जाईन, तेवढाच तुझा भार कमी. त्या मुलीच्या बोलण्यावर हिशोब मांडून पाहिला.

बंगळूरु ठाण्याच्या पूर्वेला सुमारे साडेचार अंश आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर साधारण अठरा मिनिटं होतात. पण ते दक्षिणेलाही आहे, त्यामुळे ऋतूप्रमाणे फरक कमीजास्त होतो. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात ठाण्याला सूर्य सात वाजून सात-आठ मिनिटांच्या सुमारास उगवतो. बंगळूरुला तो जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो. नवकारशी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते. ठाण्याची 7.55 ला येईल, तर बंगळूरुची 7.25 च्या सुमारास. माझा मेसेज पाहून टेंभी नाक्यावर कोणी 7.25 ला पच्चक्खाण पारून चहा घेतला, तर सूर्य उगवून पुरी वीस मिनिटंही झालेली नसतील. तिला कळणारही नाही. जूनमध्ये उलटं. सकाळचा फरक सहा-सात मिनिटांवर येतो, पण बंगळूरुचा सूर्यास्त आपल्या अर्धा तास आधी होतो. त्याने चोविहाराचं पच्चक्खाण मोडणार नाही, पण घरी उशिरा पोचणाऱ्या नोकरीवाल्या मुली अजून वेळ असतानाही उपाशी झोपतील.

म्हणून महिनाभर वेळा टाकण्याचा बेत मी सोडला. वेळ ठाण्यात राहणारीनेच टाकायची. आणि तीसुद्धा उन्हाळ्यात माहेरी किंवा यात्रेला गेली, तर फोनवर दिसलेली वेळ तशीच न टाकता उपाश्रयातल्या छापील पंचांगातली टाकायची. मेसेजमध्ये "ठाणे" हा शब्द रोज लिहायचा, म्हणजे कोणी तो दुसऱ्या गावी पुढे पाठवला तरी वाचणारीला कळेल.

तिसरा मुद्दा नव्या ॲडमिनच्या घरून आला. तिच्या सासऱ्यांना काळजी होती, की ग्रुपवर कोणी काही वेडंवाकडं टाकलं तर पोलीस सूनबाईलाच धरतील. ही भीती बऱ्याच घरांत असते, म्हणून सांगते. गोंदियाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सभासदाने एका स्त्रीबद्दल घाणेरडी भाषा वापरली होती. ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 च्या मार्चमध्ये ॲडमिनवरचा तो गुन्हा रद्द केला. न्यायालयाने म्हटलं, की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार होत नाही. दोघांचा तसा समान हेतू किंवा आधीच ठरवलेला बेत असेल तर गोष्ट वेगळी.

मी सासऱ्यांना हे सांगितलं आणि पुढचंही सांगितलं. आपल्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहितात. म्हणजे दुसऱ्याने टाकलं असं म्हणायला जागाच नाही. जे जाईल ते आपण लिहिलेलं किंवा आपण पुढे पाठवलेलं असणार. कोणी म्हणालं "एवढं ग्रुपवर टाक ना", तर टाकणारी तूच. म्हणून हरवलेल्या मुलाचा फोटो, कोणत्या औषधाने काय बरं झालं, कोणाच्या धर्माबद्दल काय, असलं काहीही पुढे पाठवायचं नाही हा नियम आहे. सासरे म्हणाले, "हे ठीक आहे. आपल्या हातचं आपण सांभाळू." मग तिने होकार दिला.

सोपवायचं नव्हतं असंही माझ्याकडे बरंच होतं. नऊ वर्षांत बायकांनी मला खाजगीत कितीतरी सांगितलंय. कोणाचं वर्षीतप डॉक्टरांनी मध्येच थांबवायला लावलं, कोणाच्या घरी साधर्मिक भक्तीचं धान्य जातं, कोणाची सून बोलत नाही. हे माझ्यापाशी विश्वासाने ठेवलेलं आहे, ग्रुपच्या मालकीचं नाही. माझे चॅट मी कोणालाच दिले नाहीत. जिथे काम पुढे चालू राहायलाच हवं, जसं धान्य जाणारी सहा घरं, तिथे प्रत्येकीला विचारलं, "तुझं नाव नव्या ताईला सांगू का?" पाच जणींनी हो म्हटलं. सहावीने नको म्हटलं, तेव्हा पेढीवरच्या एका वडीलधाऱ्यांनी ते घर आपल्याकडे घेतलं.

बदलासाठी वेळही विचार करून निवडली. आश्विनची ओळी नऊ दिवसांची. श्रीपाळ राजाच्या कथेत ठाण्याचं नाव येतं आणि आपल्या देरासरला लोक कोकण शत्रुंजय म्हणतात, त्यामुळे ओळीत इथे गर्दी आणि मेसेज दोन्ही सगळ्यात जास्त. शिकायला हीच वेळ चांगली. पहिले तीन दिवस मी लिहिलं आणि तिने पाहिलं. पुढचे तीन दिवस तिने लिहून मला दाखवलं आणि मग टाकलं. शेवटचे तीन दिवस तिने मला न विचारता टाकलं. आठव्या दिवशी एका मेसेजमध्ये पारण्याची तारीख राहिली होती. अर्ध्या तासात तिच्याच लक्षात आलं आणि तिने दुरुस्त मेसेज टाकला. मी फोन केला नाही. ज्ञानपंचमीला वही तिच्या हातात दिली. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपून साध्वीजींचे विहार सुरू होतात आणि सूचनांची घाई उडते, त्याआधी दहा दिवस तिच्या हाती असावेत असा हिशोब होता.

वहीच्या पहिल्या पानावरची नोंद इथे देते. नावं आणि नंबर गाळले आहेत. तुमच्या ग्रुपला जुळेल तेवढं घ्या.

"चि. सूनबाईंस,

1. ॲडमिन नेहमी दोघी असाव्यात, एकाच घरातल्या नसाव्यात. तू आणि पाठशाळेच्या ताई अशा आता दोघी आहात. एक गावाला गेली तर दुसरी ठाण्यात हवी.

2. रोज सूर्यास्तापूर्वी दुसऱ्या दिवशीच्या वेळा टाकायच्या. ठाण्याच्याच. छापील पंचांग उपाश्रयाच्या कपाटात आहे.

3. कार्यक्रमाची सूचना पेढीवरून लेखी किंवा फोटोत आली तरच टाकायची. कोणी तोंडी सांगितलं तर आधी पेढीला फोन.

4. पैसे तुझ्या खात्यात घ्यायचे नाहीत. कोणी रोख हातात दिले तर त्याच दिवशी भरून पावती. खातं कोणतं ते देणारीलाच विचार, आपण ठरवू नको.

5. साध्वीजींच्या विहाराचा रस्ता आणि निघायची वेळ ग्रुपवर टाकायची नाही. त्या पहाटे अंधारात पायी निघतात आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना आपण ओळखत नाही. विहारसेवेतल्या बारा जणींना वेगळं कळवायचं. ग्रुपवर फक्त पोचल्यावर 'सुखशाता आहे' एवढंच.

6. आयंबिल खात्याच्या फलकावर ग्रुपचा जो क्यूआर होता तो मी `Reset link` करून बंद केलाय. जुना कागद काढून नवा लावलाय. कोणी 'क्यूआर चालत नाही' म्हणाली तर तिच्याकडे जुना फोटो असेल. नव्या सभासदांना मान्यता देताना नाव आणि इमारत विचार.

7. चौदा जणींकडे साधा फोन आहे. त्यांची यादी शेवटच्या पानावर. ओळी, पर्युषण आणि कोणी कालधर्म पावलं तर त्यांना फोन करायचा. दोघींना ऐकू कमी येतं, त्यांच्या सुनेला सांगायचं.

8. कोणी रागावून लिहिलं तर खाजगीत उत्तर, तेही दुसऱ्या दिवशी.

9. तुझ्या निर्णयाबद्दल कोणी मला विचारलं तर मी तिला तुझ्याकडेच पाठवीन. तुला अडलं तर फोन कर, मी सांगेन. आपणहून सांगणार नाही.

शिल्लक रक्कम : शून्य. पावत्या : वहीला टाचलेल्या."

नववं कलम लिहायला मला सगळ्यात वेळ लागला. आपण सामायिकात बसून परिग्रह घराचा, दागिन्यांचा मोजतो. पण "काकूंना विचारा" हे नऊ वर्षं ऐकायची सवय हाही परिग्रहच आहे, आणि तो सोडताना हात जड होतो. जुनी ॲडमिन ॲडमिन म्हणून आत राहिली की बायका तिलाच विचारत राहतात. नवीचा मेसेज आला तरी "काकूंना माहीत आहे का?" असं होतं. मग काम नवीने करायचं आणि मान जुनीचा, असा घोळ वर्षानुवर्षं चालतो. त्यापेक्षा बाहेर पडून साधी सभासद होऊन परत येणं बरं. ज्ञानपंचमीला संध्याकाळी मी `Exit group` केलं. पाच मिनिटांत तिने मला परत घेतलं. त्या रात्री नवकारशीची वेळ तिने टाकली, वर "ठाणे" लिहिलं होतं.

ती वेळ आता माझ्या उपयोगाची राहणार नाही. बंगळूरुच्या संघाचा ग्रुप शोधायला मुलाला सांगितलंय. तिथे मी खाली बसून वाचणारी असेन.

जय जिनेंद्र.